दुसरा आणि चौथा शनिवार

माझी लेक सहा वर्षांची असताना तिला भेटायला मला कोर्टात जावं लागायचं. महिन्यातून दोनदा, पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी, दुपारी दोन ते चार. कौटुंबिक न्यायालयात मुलांसाठी एक खोली होती. भिंतीवर ससा, हत्ती, फुगे काढलेले. कोपऱ्यात चाकं निघालेल्या मोटारी आणि एक डोळा गेलेलं अस्वल. तिथं एका छोट्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर गुडघे पोटाशी घेऊन मी बसायचो आणि दाराकडं बघत राहायचो.

आम्ही वडगावचे विणकर. घरात दोन पावरलूम, खाली माग आणि वर राहायचं. बायको निपाणीची, शिकलेली नर्स. लग्नानंतर तिनं बेळगावातल्या एका दवाखान्यात नोकरी धरली. तिची ड्यूटी कधी सकाळची, कधी रात्रीची. माझ्या आईला ते पटायचं नाही. आई एक बोलायची, बायको एक बोलायची, आणि मी खाली जाऊन माग चालू करायचो. मागाच्या आवाजात वरचं काही ऐकू येत नाही. सात वर्षं मी हेच केलं. मारहाण नाही, दारू नाही, बाहेरचं काही नाही. मी फक्त खाली जाऊन बसायचो. त्यानंही घर मोडतं, हे मला घर मोडल्यावर कळलं.

लेक पहिलीत होती. दसऱ्याच्या सुट्टीत बायको तिला घेऊन माहेरी गेली, दहा दिवसांसाठी म्हणून. शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला.

"आमी येत न्हाय आता," ती म्हणाली. "मला हितं दवाखान्यात दिवसाची ड्यूटी मिळालीय. तिला हितल्या शाळेत घालणार हाय."

"मला इचारलं न्हाईस."

"इचारायला तुमी वर कधी येत होता?"

मी फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी वकीलबाईंच्या दारात जाऊन उभा राहिलो. लेक परत पाहिजे, एवढंच मी सांगितलं.

वकीलबाई पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "पाच वर्षांच्या आतलं मूल असलं तर कोर्ट साधारण आईकडंच ठेवतं. तुमची मुलगी सहाची, म्हणजे तो नियम लागत नाही. पण म्हणून ती आपोआप तुमच्याकडं येईल, असं समजू नका."

"मी बाप हाय की."

"आहात. कायद्यात पालक म्हणून बापाचं नाव आईच्या आधी लिहिलंय. पण ताबा कुणाला हे ठरवताना कोर्ट बापाचा हक्क बघत नाही, आईचा बघत नाही. मुलीचं भलं कशात आहे ते बघतं. तिचं खाणंपिणं, शाळा, दुखणंखुपणं, तिला कुणाची सवय आहे, ती कुणाजवळ निश्चिंत झोपते. तेवढंच."

मी विचारलं, केस निपाणीकडं चालणार की इथं. त्या म्हणाल्या, मूल जिथं कायम राहतं तिथल्या कोर्टात. दहा दिवसांच्या सुट्टीला म्हणून नेलं, एवढ्यानं तिचं कायमचं राहणं बदलत नाही. पलीकडच्या वकिलांनी पुढं तोच मुद्दा काढला आणि न्यायाधीशबाईंनी बेळगावातच चालेल म्हणून सांगितलं. मला त्या दिवशी वाटलं, आपण जिंकलो. पायरी उतरताना वकीलबाईंनी मला थांबवलं.

"केस कुठं चालणार ते ठरलं," त्या म्हणाल्या. "बाकी अजून सगळं व्हायचंय."

मुख्य निकालाला वेळ लागणार होता. तोवर बापलेकीची भेट तुटू नये म्हणून त्यांनी वेगळा अर्ज दिला, आणि त्यावर ते पहिल्या-तिसऱ्या शनिवारचे दोन तास मिळाले. दुसऱ्या शनिवारी कोर्टाला सुट्टी, म्हणून पहिला आणि तिसरा. लेकीची शनिवारी सकाळची शाळा. ती सुटली की आई तिला बसनं बेळगावला आणायची. संकेश्वर, हत्तरगी, काकती करत दीड-दोन तास.

पहिल्या भेटीला मी एवढी मोठी बाहुली नेली होती की रिक्षात ती माझ्या मांडीवर बसली. जरीचा फ्रॉकही नेला. लेक आली ती आईचा पदर धरून. आईनं तिला दारात सोडलं, "मी भायेरच हाय गं" म्हणाली आणि व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसली. लेक भिंतीला टेकून उभी राहिली. मी हाक मारली. ती हत्तीच्या चित्राकडं बघत राहिली. बाहुली पुढं केली. तिनं हात मागं घेतले. दोन तासांत ती माझ्याशी एकच वाक्य बोलली.

"तू आईला कोर्टात का बोलवलास?"

चार वाजता ती गेली आणि मी बाहुली घेऊन तिथंच बसलो. कोर्टाच्या समुपदेशक बाई खोलीत बसून सगळं बघत होत्या. मूळच्या धारवाडच्या, मराठी तोडकंमोडकं बोलायच्या. त्या माझ्या शेजारच्या छोट्या खुर्चीवर बसल्या.

"अण्णा, पुढच्या वेळी सामान आणू नका," त्या म्हणाल्या. "काम आणा. दोघांनी बसून करायचं काम. मूल हातानं बोलतं आधी. मग तोंडानं."

मी घरी विचार केला, मला कुठलं काम येतं? मग पुठ्ठ्याच्या दोन बाजूंना खाचा पाडून एक चौकट केली, रंगीत रेशमाच्या चार-पाच कांड्या खिशात टाकल्या. तिसऱ्या शनिवारी खोलीत गेलो, तिला हाक मारली नाही. खाली जमिनीवर बसलो आणि खाचांतून उभे धागे ओवायला लागलो. दहा मिनिटांनी एक चप्पल माझ्या गुडघ्याजवळ आली. मग दुसरी.

"हे चुकलंय," ती म्हणाली. खरंच एक खाच सुटली होती.

"तू लाव बघू."

तिनं लावला. मग आडवा धागा एकावरून, एकाखालून. तिची जीभ ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर आली होती, कामात असली की येते तशी. मी ती जीभ तीन महिन्यांनी बघत होतो. चार वाजले तेव्हा दोन बोटं रुंदीचा लाल-पिवळा पट्टा झाला होता आणि ती म्हणाली, "आप्पा, उरलेलं तू एकटा करू नकोस."

चार-पाच महिने असे गेले. मध्ये समुपदेशक बाई घर बघायला आल्या, आधी आमच्याकडं, मग निपाणीला. आमच्या घरी त्यांनी विचारलं, मुलगी झोपणार कुठं, अभ्यास कुठं करणार, माग किती वाजेपर्यंत चालतो. मी म्हणालो, ती आली की माग बंद ठेवीन. त्यांनी वहीत लिहिलं. माझ्या आईला विचारलं, या गुडघ्यांनी तुम्हाला जिना चढवतो का, पोरीच्या मागं तुम्ही धावणार कशा. आईला राग आला, पण उत्तर देताना तिचाच आवाज बारीक झाला.

एक दिवस न्यायाधीशबाईंनी लेकीला आपल्या चेंबरमध्ये बोलावलं. आई नाही, बाप नाही, वकील नाहीत. आम्ही दोघं व्हरांड्याच्या दोन टोकांना. वकीलबाईंनी सांगून ठेवलं होतं, सहा वर्षांच्या मुलाला कुणाकडं राहायचं असं उघड विचारत नाहीत, आणि तिनं काही सांगितलं तरी तेवढ्यावर ठरत नाही. मोठ्या, समजत्या मुलाचं मत जास्त धरतात. न्यायाधीशांना फक्त मूल बघायचं असतं, घाबरलंय का, कुणी पढवलंय का.

लेक वीस मिनिटांनी बाहेर आली. हातात चॉकलेट. व्हरांड्याच्या मधोमध उभी राहिली, एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं. कुठल्या बाजूला जायचं ते तिला कळेना. मी बघत होतो आणि पलीकडून तिची आई पण बघत होती. सहा वर्षांचं पोर, दोन्ही बाजूंना आपलीच माणसं, आणि पाय हलेना. शेवटी समुपदेशक बाईंनी तिचा हात धरला आणि पाणी प्यायला नेलं.

त्यानंतर कोर्टानं आम्हाला मध्यस्थी केंद्रात पाठवलं. तिथं टेबल गोल होतं. मध्यस्थ म्हणजे एक वयस्कर वकील, आम्ही त्यांना सर म्हणायचो. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "इथं बोललेलं कोर्टात जाणार नाही. मी निकाल देत नाही. तुमचं जमलं तर लिहून देऊ, नाही जमलं तर केस आहे तिथं चालू."

मी तयारीनं गेलो होतो. घर स्वतःचं, मी दिवसभर घरीच, आजी सोबतीला. ती दवाखान्यात आठ तास. माझी बाजू भक्कम होती असं मला वाटत होतं.

सरांनी माझं काही ऐकलंच नाही. त्यांनी आम्हा दोघांपुढं एक-एक कोरा कागद ठेवला. "मुलीचा दिवस लिहा," ते म्हणाले. "सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत. घाई नाही."

मी लिहायला लागलो. सात वाजता उठते. दूध पिते. शाळेला जाते. मग पेन थांबलं. दूध साखर घालून की बिनसाखरेचं? डब्यात काय नेते? बाईंचं नाव काय? वह्यांना कव्हर कोण घालतं? ती माझ्या घरात होती तेव्हाही हे सगळं वरच्या मजल्यावर व्हायचं आणि मी खाली असायचो. माझ्या कागदावर पाच ओळी झाल्या. बायकोनं कागद उलटला आणि मागच्या बाजूला लिहीत राहिली.

सरांनी दोघांना विचारून कागद मोठ्यानं वाचले. माझा लगेच संपला. तिच्यात सगळं होतं. दुधाची साय काढावी लागते. डाव्या पायाचा बूट चावतो. पावसाळी हवेत रात्री छाती भरते, तेव्हा उशी उंच करायची. गणित आवडतं, कन्नडचं शुद्धलेखन आवडत नाही. आणि मग एक ओळ सरांनी दोनदा वाचली.

"संध्याकाळी सातला खिडकीत जाऊन बसते. वडगावात ह्या वेळेला माग बंद व्हायचा आणि आप्पा वर यायचे. अजून वाट बघते."

ती ओळ तिला लिहायची गरज नव्हती. ती तिच्या विरुद्ध जाणारी होती. कुणी सांगितलं असतं तरी मी माझ्या कागदावर तिच्या बाजूची अशी ओळ लिहिली नसती. मी तिच्याकडं बघितलं. ती टेबलाकडं बघत होती, पेनाचं टोपण लावत आणि काढत.

"सर," मी म्हणालो, "पोरगी तिच्याकडंच राहू दे."

माझ्याच तोंडातून ते आलं आणि माझेच कान गरम झाले. सर म्हणाले, "घाई करू नका. बाहेर जाऊन वकीलबाईंशी बोला."

पण बायको आधी बोलली. "माझ्याकडं राहील," ती म्हणाली, "पण तुमच्याकडं यायला पायजे. दोन तास न्हाय. राहायला. लई यायला पायजे."

एवढं बोलून तिनं पदर तोंडाला लावला. लग्नाच्या सात वर्षांत मी तिला रडताना बघितलं नव्हतं, कारण मी खाली असायचो.

वकीलबाईंनी मला व्हरांड्यात दोनदा विचारलं, "नीट विचार केलात ना? एकदा लिहून दिलं की सहज मागं घेता येत नाही." मी व्हय म्हणालो. घरी आई चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी तिनं विचारलं, "पोरगी येणार कवा मग?" आणि तिला सांगायला माझ्याकडं तारीख नव्हती. ती तारीख लिहायला आम्हाला आणखी तीन बैठका लागल्या.

मला वाटलं होतं, महिन्यातून दोनदा येईल, एवढं लिहिलं की झालं. सर म्हणाले, "दोनदा म्हणजे कधी? आज तुम्ही दोघं मऊ आहात. उद्या भांडाल, तेव्हा हा कागद उघडाल. तेव्हा त्यात शंका राहिली नाही पाहिजे." एक आड एक शनिवार लिहायचं म्हटलं तर पाच शनिवारांच्या महिन्यात घोळ होतो, मोजणी कुठून धरायची यावर भांडणं होतात. म्हणून दुसरा आणि चौथा शनिवार. शनिवारी दुपारी एक ते रविवारी संध्याकाळी पाच. घ्यायला मी निपाणीला जायचं, परत न्यायला तिनं वडगावला यायचं, म्हणजे बसचा त्रास दोघांना सारखा. पोहोचायला अर्ध्या तासाहून जास्त उशीर होणार असेल तर फोन करायचा. एखादा शनिवार चुकला तर त्याच्या बदली पुढचा शनिवार.

"आणि पोरगी आजारी असली तर?" मी विचारलं.

सरांच्या जुन्या मसुद्यात होतं की आजारी असल्यास भेट रद्द. बायको म्हणाली, "रद्द कशाला? आजारी असली तर ह्यांनी निपाणीला येऊन बसावं की दोन तास. तिला बरं वाटंल." सरांनी आधीची ओळ खोडली आणि तिचं वाक्य लिहिलं.

सुट्ट्यांच्या पानावर गाडी अडली. तो मसुदा सरांनी कोल्हापूरकडच्या कुठल्यातरी केसवरून घेतला होता. त्यात लिहिलं होतं, दिवाळीच्या सुट्टीचा निम्मा भाग बापाकडं. मी मान डोलावली. निम्मी सुट्टी म्हणजे पुष्कळ झालं.

"सर, हे चालत न्हाय," बायको म्हणाली. "आमच्या कर्नाटकातल्या शाळेला दिवाळीला चार-पाचच दिवस सुट्टी. मोठी सुट्टी दसऱ्याला असतीय. असं लिहिलासा तर ह्यांच्या वाट्याला दोन दिवस येतील."

सर हसले. "मसुदा तिकडचा, माझ्या ध्यानातच आलं नाही," ते म्हणाले. मीही सांगू शकलो असतो. मीही इथलाच. लक्षात आलं ते तिच्या.

मग दसरा लिहायचा झाला. दसऱ्याच्याच सुट्टीत ती लेकीला घेऊन गेली होती. सरांनी विचारलं, पहिला निम्मा भाग कुणाचा? ती हळूच म्हणाली, "ह्यांचा." मग माझ्याकडं बघून, पहिल्यांदाच सरळ माझ्याकडं बघून, "परत पाठवशीला न्हवं?"

"पाठवणार न्हाय," मी म्हणालो. "घेऊन येईन."

सणांचंही ठरलं. गणपतीचा पहिला दिवस वडगावला, गौरी निपाणीला. दिवाळीचा पाडवा माझ्याकडं, भाऊबीज मामाकडं. वाढदिवस ज्याच्याकडं असेल त्याच्याकडं, पण दुसऱ्यानं संध्याकाळी दोन तास यायचं. मंगळवार, गुरुवार आणि रविवारी संध्याकाळी सातला फोन, फोन स्पीकरवर ठेवायचा नाही, पोरगी बोलत असताना शेजारी उभं राहून सांगायचं नाही. सात हा आकडा बायकोनं सांगितला. शाळेचं प्रगतिपत्रक दोघांना मिळावं, डॉक्टरांचं काही मोठं असेल तर दोघांनी मिळून ठरवावं, आणि पोरीसमोर एकमेकांविषयी वाईट बोलू नये. शेवटचं कलम वाचताना सर म्हणाले, "हे एक कलम पाळलं तर बाकीची लागत नाहीत."

न्यायाधीशबाईंपुढं तो कागद गेला, तेव्हा त्यांनी आम्हाला दोघांना कन्नडमधून विचारलं, समजून सही केलीय का, कुणी जबरदस्ती केली नाही ना. मग त्या स्वतः सगळं वाचत बसल्या. हा कागद आई-बापाला पसंत आहे म्हणून त्या मान्य करणार नव्हत्या, पोरीच्या हिताचा आहे का ते त्यांना बघायचं होतं. एके ठिकाणी त्या थांबल्या. पहिल्या तीन महिन्यांत रात्री राहायला नको, आधी दिवसाच्या भेटी करा, म्हणाल्या. मुलीला घराची परत सवय होऊ द्या. ते घातलं. मग त्यांनी मंजुरी दिली आणि म्हणाल्या, मूल वाढतं, त्याची गरज बदलते, तसा हा आदेशही बदलता येतो. त्यासाठी कोर्टाचं दार उघडं आहे.

आदेश इंग्रजीत होता. वकीलबाईंनी मला तो मराठीत समजावून सांगितला आणि मी एका वहीत उतरवून घेतला.

तीन महिने दिवसाच्या भेटी झाल्या. मग ती पहिल्यांदा राहायला आली. आजीनं तिच्या आवडीची शेवयाची खीर केली होती. मी शुक्रवारीच माग बंद ठेवला होता. दुपार छान गेली. ती जिन्यावरून वर-खाली पळाली, शेजारच्या मुलींबरोबर खेळली. सात वाजता जेवायला बसलो आणि तिचा घास थांबला.

"आई काय करत असंल?"

मी म्हणालो, जेवत असेल. तिचे डोळे भरले. त्या दिवशी शनिवार. फोनचे वार मंगळवार, गुरुवार, रविवार. आणि तेही माझ्यासाठी ठरवलेले. तिनं माझ्या शनिवारी फोन करावा, असं कुठंच लिहिलं नव्हतं. मी अडचणीत पडलो. फोन लावला तर वाटेल, ह्याला एक संध्याकाळ सांभाळता येत नाही. नाही लावला तर समोर लेक हुंदके देत होती. आजी म्हणाली, "लाव रं, काय इचार करतोस."

लावला. पलीकडून एका घंटीत उचलला गेला, म्हणजे तीही फोन हातात घेऊनच बसली होती.

"रडायलीय," मी म्हणालो.

"द्या तिला," ती म्हणाली. मग माझ्याकडून फोन जायच्या आत, "आणि ऐका, तिची येणी सोडून झोपवा. घट्ट असली तर सकाळी डोकं दुखतंय. हळू सोडा, गाठी असत्यात."

लेक बोलली, हसली, झोपायला आली. मी तिच्या वेण्या सोडल्या. धाग्याची गाठ न तोडता सोडवायची मला सवय आहे, पण त्या दिवशी मला अर्धा तास लागला.

पुढच्या पावसाळ्यात एकदा तिची छाती भरली आणि चौथ्या शनिवारचं येणं राहिलं. मी कागदात लिहिल्याप्रमाणे निपाणीला गेलो. एरवी लेकीला घ्यायला जायचो ते दारापर्यंतच; सासुरवाडीच्या त्या घरात मी दोन वर्षांनी पाऊल ठेवत होतो. सासऱ्यांनी नुसतं "या" म्हटलं आणि बाहेर निघून गेले. बायको ड्यूटीवरून आलेली, कपडेही बदललेले नव्हते. दोन तास संपले तेव्हा लेक माझा हात धरून झोपली होती. मी घड्याळाकडं बघितलं. बायकोनं चहा आणून ठेवला.

"उठवू नका," ती म्हणाली. "बसा. शेवटची बस साडेआठला हाय."

आम्ही परत एकत्र आलो नाही. कुणी कुणी तसं सुचवलं, पण दोघांनाही ठाऊक होतं की पोरीसाठी जमतंय ते नवरा-बायको म्हणून जमणार नाही. पुढं परस्परसंमतीनं घटस्फोट झाला. त्या दिवशी कोर्टातून बाहेर पडताना तिनं मला विचारलं, आईंचे गुडघे कसे आहेत, आणि एका मलमाचं नाव माझ्या हातावर पेनानं लिहून दिलं.

लेक दहा वर्षांची झाली आणि शाळेच्या कबड्डीच्या संघात गेली. सराव शनिवारी दुपारी. एक-दोन शनिवार तिनं सराव बुडवला आणि माझ्याबरोबर आली. बसमध्ये खिडकीकडं तोंड करून बसली. मी विचारलं तर म्हणाली, काय न्हाय. रविवारी न्यायला आलेल्या तिच्या आईला मी जिन्यात गाठलं.

"तिला सांगता येत न्हाय," मी म्हणालो. "मला वाईट वाटंल म्हणून."

"मला पण तेच म्हणाली," ती म्हणाली. "तुमी बोला. मी बोलले तर वाटंल मी तोडायलेय."

काही महिने आम्ही आपसात जमवलं. दुसऱ्या-चौथ्या शनिवारी तिला वडगावला न आणता मीच निपाणीला जायचो, मैदानाच्या कडेला बसायचो. पण वकीलबाई म्हणाल्या, बदल कायमचा असेल तर कोर्टातून लिहून घ्या, तोंडी ठेवू नका. यंदा आम्ही दोघांनी मिळून अर्ज दिला. न्यायाधीश आता दुसरे होते. त्यांनी लेकीला चेंबरमध्ये बोलावलं. अकरा वर्षांची, तिचं म्हणणं आता तिच्याच तोंडून ऐकायचं होतं. ती गेली, आणि पंधरा मिनिटांनी बाहेर येऊन दोघांच्या मध्ये बाकावर बसली.

"मी सांगितलं," ती म्हणाली. "शनिवारी कबड्डी. त्याच्या बदली दसऱ्याची सुट्टी सगळी वडगावला. आणि मे महिन्यात तीन आठवडे."

"आणि आई?" मी विचारलं.

"आईला दिवाळी सगळी." मग माझ्याकडं वळून, "आप्पा, पाडव्याला तू तिकडं ये. मी तसं पण सांगून टाकलंय."

न्यायाधीश साहेबांनी तसंच लिहिलं.

मागच्या महिन्यात संकेश्वरला तिच्या संघाचा सामना होता. मी बेळगावकडून गेलो, तिची आई निपाणीकडून. मैदानाच्या कडेला पालकांसाठी सतरंजी घातली होती. मी एका टोकाला बसलो. ती आली, थोडी थबकली आणि माझ्यापासून दोन हात अंतरावर बसली. ऊन चढलं होतं. तिनं छत्री उघडली आणि थोडी माझ्या बाजूला धरली.

लेकीचा संघ हरला. शेवटच्या चढाईत लेकच पकडली गेली, गुडघा खरचटला. ती मैदानाच्या मधोमध उकिडवी बसली, मान खाली घालून. आम्ही दोघं एकदमच उठलो. तिची आई पिशवीतून कापूस काढत होती, मी पाण्याची बाटली घेतली. लेकीनं मान वर केली, आम्हाला दोघांना येताना बघितलं, आणि नाक पुसत ओरडली, "येऊ नका! संघातल्या पोरी बघायल्यात!"

आम्ही परत येऊन सतरंजीवर बसलो. तिची आई कापूस तसाच हातात धरून हसत होती, आणि मीही.